शेंगदाणा तेल: घाण्याचं घ्यावं की रिफाइंड?

एकाच शेंगदाण्याची ही दोन तेलं. कॅलरी दोन्हींत सारख्याच, फरक प्रक्रियेत. घाण्याचं तेल दाबून काढतात आणि गाळतात, बस्स. रिफाइंड तेलातली मुक्त आम्लं काढून टाकतात, मातीतून गाळून त्याचा रंग उतरवतात आणि शेवटी दोनशे अंशांच्या वर वाफ सोडून वास घालवतात.

ही मुक्त आम्लंच तेलाला लवकर धुरायला लावतात. म्हणून घाण्याचं तेल साधारण १६० अंशांना धुरतं, रिफाइंड २३० च्या आसपास. तळण १७० ते १९० अंशांवर चालतं. तेव्हा तळणाला रिफाइंडच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. कांदा मंद ते मध्यम आचेवर परतताना मात्र भांड्यात पाणी असेपर्यंत तापमान फारसं चढत नाही. तिथे घाण्याचं तेल निश्चिंत वापरा. पृष्ठभागावर तेलाची लाट थरथरली की जिन्नस घालायची वेळ झाली. निळसर धुराची रेघ दिसली आणि डोळे चुरचुरले, तर उशीर झाला: आच बंद करा, ते तेल टाकून द्या. तळलेलं तेल पुन्हा वापरलं की त्याचा स्मोक पॉइंट, म्हणजे धुरायचं तापमान, दर वेळी खाली येतो, रिफाइंडचाही.

चवीत घाण्याचं तेल सरसच. पण ही चव उडून जाणाऱ्या घटकांची असते, कडक आचेवर ती टिकत नाही. कोशिंबिरीवर, चटणीत किंवा भाजी उतरवताना वरून चमचाभर घातलं, तरच जास्तीच्या पैशांचं चीज होतं.

आता खर्च. चौघांच्या घरात महिन्याला तीन लिटर लागतं आणि घाण्याचं तेल दुप्पट महाग आहे असं धरू. एक लिटर रिफाइंडचा भाव एक भाग मानला, तर सगळं रिफाइंड घेतल्यास खर्च ३ भाग, सगळं घाण्याचं तर ६. रिफाइंड अडीच लिटर आणि घाण्याचं अर्धा लिटर घेतलं तर साडेतीन. हात आखडता असेल तर मी हीच वाटणी करीन. पैशांची थोडी सवड असेल तर रोजच्या परतण्यालाही घाण्याचं, आणि रिफाइंड फक्त तळणापुरतं.

घाण्याचं तेल महाग का, हेही समजून घ्या. एक किलो तेलाला अंदाजे अडीच किलो दाणे लागतात, कारण दाण्यात निम्म्याच्या आसपासच तेल असतं आणि त्यातलंही थोडं पेंडीत राहतं. त्यामुळे तेलाचा भाव अडीच किलो दाण्यांच्या भावापेक्षा फारच कमी असेल, तर विकणाऱ्याला विचारा; पेंड विकून थोडे पैसे सुटतात, सगळे नाही.

तळाशी बसलेला गाळ ही भेसळ नव्हे, वरचं तेल अलगद ओतून घ्या. मात्र हे तेल लवकर खवट होतं. बाटली उघडल्यावर दाण्यांच्या वासाऐवजी जुन्या रंगासारखा उग्र वास आला, तर ते गेलं. म्हणून लहान बाटली घ्या, अंधारात आणि शेगडीपासून लांब ठेवा.