फ्रान्समधल्या अपघाताचा फॉर्म इंग्रजीत: कोरा फॉर्म भरावा, तक्ता करावा की अनुवादक गाठावा?

गाडी घेऊन इंग्लंडहून फ्रान्सला जाणारी मराठी कुटुंबं आता बरीच आहेत. तिकडे गाडीला गाडी घासली की समोरचा फ्रेंच चालक डॅशबोर्डातून एक कागद काढतो. त्याचं नाव 'कॉन्स्टा आमियाब्ल'. दोघांनी मिळून भरायचा, दोघांनी सही करायची आणि एकेक प्रत न्यायची. परत आल्यावर आपली विमा कंपनी म्हणते, इंग्रजीत द्या. इथे तीन वाटा असतात. तिन्हींचा निकाल मी रकान्यांवरून लावते, कारण या कागदाचा प्रत्येक रकाना वेगळ्या तऱ्हेने अवघड आहे.

पहिली वाट म्हणजे याच फॉर्मची कोरी इंग्रजी प्रत मिळवून तीत मजकूर उतरवणं. हा फॉर्म युरोपभर एकाच साच्याचा आहे. एक ते पंधरा हे रकाने आणि बाराव्या रकान्यातल्या सतरा ओळी, सगळं त्याच क्रमाने असतं. दुसरी वाट म्हणजे साधा तक्ता: रकान्याचा क्रमांक, फ्रेंचमध्ये जसं लिहिलंय तसं, आणि शेजारी इंग्रजी. तिसरी म्हणजे पैसे देऊन प्रमाणित अनुवाद करून घेणं. ब्रिटनमध्ये सरकारने शपथ दिलेले अनुवादक अशी व्यवस्था नाही. तिथे 'प्रमाणित' याचा अर्थ एवढाच की अनुवाद खरा आणि पूर्ण असल्याचं अनुवादकाने सहीनिशी लिहून दिलेलं असतं.

तुलनेसाठी एक प्रसंग धरू. नॉर्मंडीतलं एक गाव, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. स्लाऊचं एक कुटुंब सरळ चाललंय. ही गाडी 'अ'. उजवीकडच्या गल्लीतून फ्रेंच गाडी 'ब' येते. चौकात ना पाटी, ना पट्टा, ना सिग्नल. अ-चा पुढचा बंपर ब-च्या डाव्या बाजूला लागतो. कुणाला इजा नाही.

पहिले नऊ रकाने म्हणजे तारीख, जागा, इजा, इतर नुकसान, साक्षीदार, विमाधारक, गाडी, विमा कंपनी आणि चालक. यात भाषा थोडी आणि अक्षर ओळखण्याचं काम जास्त. फ्रेंच हस्ताक्षरातल्या १ ला वरून लांब तिरकी रेघ असते, तो आपल्याला ७ वाटतो. त्यांच्या ७ ला मात्र मधोमध आडवी रेघ असते. म्हणजे आडवी रेघ नसेल तर तो आकडा बहुधा १. पॉलिसी क्रमांक उतरवताना एवढं पाहिलं तरी पुढचे कित्येक फोन वाचतात. २००९ पासूनच्या फ्रेंच नंबरप्लेटचा साचा ठरलेला आहे: दोन अक्षरं, तीन आकडे, दोन अक्षरं. त्यात आय, ओ आणि यू ही अक्षरं वापरतच नाहीत. तेव्हा प्लेटमध्ये शून्य की ओ हा प्रश्न जागेवरूनच सुटतो. या नऊ रकान्यांपुरता कोरा इंग्रजी फॉर्म सर्वांत सोयीचा. क्लेम बघणाऱ्या माणसाला तो साचा पाठ असतो, आणि इथे अनुवादकाला पैसे देण्यात अर्थ नाही.

फक्त तिसऱ्या रकान्याकडे नीट पाहा. तिथे छापील प्रश्न 'कुणी जखमी आहे का, किरकोळ का असेना' असा आहे. 'किरकोळ का असेना' हे शब्द इंग्रजीत यायलाच हवेत. नुसतं 'इंज्युरीज: नो' लिहिलं तर उत्तर जेवढं ठाम दिलं होतं तेवढं ठाम राहत नाही.

दहा आणि अकरा या रकान्यांत आधी धडक कुठे बसली त्याचा बाण आणि दिसणारं नुकसान असतं. आपल्या प्रसंगात ब-ने लिहिलंय, 'एल आवाँ गोश, पार-शॉक, फार'. म्हणजे डावीकडची पुढची विंग, बंपर आणि हेडलाइट. इंग्लंडमध्ये गाडीच्या बाजू 'निअरसाइड' आणि 'ऑफसाइड' अशा सांगतात, नाहीतर 'ड्रायव्हर्स साइड' म्हणतात. इथे ते अजिबात करू नका. फ्रेंच गाडीत चालक डावीकडे बसतो, इंग्लिश गाडीत उजवीकडे. ब-चं नुकसान 'ड्रायव्हर्स साइड'ला झालं असं लिहिलंत तर लंडनमधला वाचणारा सवयीने उजवी बाजू धरेल. मग त्याला धडकेची दिशाच उलटी दिसेल, कारण डाव्या बाजूवरची खूण हाच ब उजवीकडून येत असल्याचा पुरावा आहे. लेफ्ट आणि राइट एवढंच लिहा. कोऱ्या फॉर्मात हा रकाना भरताना बाण पुन्हा काढावा लागतो आणि तो बोटभर सरकला तरी अर्थ सरकतो. म्हणून इथे मला तक्ता बरा वाटतो. बाण कुठून कुठे आहे ते शब्दांत सांगायचं आणि चित्र मूळ कागदावरच राहू द्यायचं.

सगळ्यात जास्त वेळ बाराव्या रकान्याला द्या. सतरा ओळी, डावीकडे अ-च्या फुल्या, उजवीकडे ब-च्या. फ्रेंच विमा कंपन्या दोष ठरवताना आधी याच फुल्या बघतात. शब्द सोपे आहेत. 'र्‍यक्युले' म्हणजे मागे घेत होता, 'दुब्ले' म्हणजे ओव्हरटेक करत होता. कोऱ्या इंग्रजी फॉर्मात या ओळी आधीच छापलेल्या असल्यामुळे फुल्या उतरवणं दोन मिनिटांचं काम. तरीही तीन ठिकाणी तो फॉर्म पुरा पडत नाही.

पहिल्या दोन ओळींत दोन-दोन पर्याय आहेत आणि नको तो खोडायचा असतो: 'पार्क केलेली' की 'थांबलेली', 'पार्किंगमधून निघत होती' की 'दार उघडत होते'. रस्त्यावर घाईत कुणीच खोडत नाही. अशा वेळी इंग्रजीत आपण एक पर्याय निवडून टाकणं म्हणजे साक्ष बदलणं. 'दोन्ही पर्याय न खोडलेले' असंच लिहावं लागतं, आणि त्याला जागा तक्त्यातच मिळते.

दुसरं, तळाशी फुल्यांची संख्या लिहायचा चौकोन असतो. नंतर कुणी फुली वाढवू नये म्हणून तो आहे. आपल्या प्रसंगात ब-ने १ लिहिलाय, अ-ने काहीच नाही. तिथे आपण समजुतीने शून्य भरायचं नाही. 'रिकामा' असं लिहायचं.

तिसरी अडचण सोळाव्या ओळीची. तिथे ब-ने फुली मारली आहे: 'वने द द्र्वात', चौकात उजवीकडून येत होता. इंग्रजी फॉर्मात शब्दशः तेच छापलेलं आहे आणि वाचणाऱ्याला ते नुसतं दिशेचं वर्णन वाटतं. ब्रिटनच्या हायवे कोडचा नियम १४६ सांगतो की खुणा नसलेल्या चौकात प्राधान्य कुणालाच नसतं. फ्रान्समध्ये अशाच चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यावी लागते, आणि अपघात तिथे झाल्यामुळे नियम तिथलाच लागतो. म्हणजे ती एक फुली जवळजवळ सगळं प्रकरण ठरवते. हे अनुवादात मिसळू नका. अनुवादाच्या ओळीत 'कमिंग फ्रॉम द राइट' एवढंच राहू द्या आणि फ्रेंच नियम खाली वेगळ्या टिपेत लिहा. टीप आपली आहे हे स्पष्ट दिसलं पाहिजे. ती आपल्याच विरुद्ध जात असली तरी मी ती लिहावी असंच सांगेन. विमा कंपनीला हे उशिरा कळलं तर तोवर ती फ्रेंच कंपनीशी भलत्याच गृहितावर पत्रव्यवहार करून बसलेली असते.

तेराव्या रकान्यातल्या चित्राला तिन्ही वाटांनी एकच उत्तर आहे: नवं चित्र काढू नका. मूळ स्कॅन चिकटवा आणि त्यातल्या शब्दांना क्रमांक देऊन खाली त्यांचं इंग्रजी द्या.

चौदावा रकाना 'माझी निरीक्षणं'. इथे माणूस स्वतःच्या शब्दांत बोलतो आणि इथेच हौशी अनुवाद घसरतो. आपल्या प्रसंगातल्या या दोन ओळी तक्त्यात अशा दिसतील:

| रकाना | कागदावर | इंग्रजीत |
|---|---|---|
| १४, ब | ज रूले आ अल्यूर मोदेरे | आय वॉज ड्रायव्हिंग ॲट अ मॉडरेट स्पीड |
| १४, ब | ल वेइक्यूल आ मा रफ्यूझे ला प्रिओरिते | व्हेइकल ए फेल्ड टू गिव्ह वे टू मी |

दुसऱ्या ओळीचं 'रिफ्यूज्ड' असं इंग्रजी केलं तर अ-ने मुद्दाम वाट अडवली असं वाटतं. फ्रेंचमध्ये मात्र प्राधान्य न देण्याला सरसकट तसंच म्हणतात, हेतूचा त्यात संबंध नाही. उलट 'माझ्या मते', 'बहुधा' असे शब्द कुणी लिहिले असतील तर ते गाळायचे नाहीत. अक्षर लागत नसेल तर 'दोन शब्द अवाच्य' असं लिहा, अंदाज करू नका. अ-ने इथे इंग्रजीत काही लिहिलं असेल तर ते चुकीच्या स्पेलिंगसकट जसंच्या तसं ठेवा. आपलंच वाक्य नीट करण्याचा मोह मोठा असतो. पण सह्या होऊन प्रती वेगळ्या झाल्या की या पानावर कुणालाच एकतर्फी बदल करता येत नाही, आणि समोरच्याकडे हीच प्रत आहे.

पंधराव्या रकान्यात कोरा फॉर्म वापरणाऱ्यांनी फार जपावं. इंग्रजी प्रतीवर सही करायची नाही. सही केली की तो तुमचा दुसरा, एकतर्फी जबाब होतो आणि मूळ कागदापासून तो जिथे हलेल तिथे प्रश्न उभा राहतो. त्या जागी 'मूळ प्रतीवर दोघांची सही आहे' एवढंच लिहा आणि पानाच्या माथ्यावर 'अनुवाद' असं ठळक लिहा.

मी माझ्या माणसांना तक्ताच करायला सांगते आणि सोबत कोरा इंग्रजी फॉर्म न भरता जोडायला सांगते. छापील शब्द त्यातून कळतात आणि तक्त्यात फक्त हाताने लिहिलेलं उरतं. फ्रेंच जेमतेम येत असलं तरी तेरा रकाने असे घरी होतात. अडतात ते अकरा आणि चौदा, तेवढे फ्रेंच नीट जाणणाऱ्याकडून तपासून घ्यावेत. निव्वळ भरलेला इंग्रजी फॉर्म मी तेव्हाच चालवून घेईन जेव्हा चौदावा रकाना रिकामा आहे, नुकसान ओरखड्याएवढं आहे आणि दोष कुणाचा यावर वाद नाही.

तिसऱ्या रकान्यात 'हो' वर फुली असेल, दोघांच्या फुल्या एकमेकींना छेद देत असतील किंवा समोरच्याच्या वकिलाचं पत्र आलं असेल, तर प्रमाणित अनुवाद घ्या. पण आधी क्लेम सांभाळणाऱ्या व्यक्तीला ईमेलने विचारा की तसा अनुवाद हवा आहे का आणि खर्च कंपनी उचलणार का. बऱ्याचदा कंपनीचे स्वतःचे अनुवादक असतात. अनुवादकाला फोनवर काढलेला तिरका फोटो देऊ नका, दिवसाउजेडी सपाट स्कॅन द्या. खालच्या कार्बनी प्रतीवर फुल्या पुसट उमटतात आणि सोळाव्या ओळीची फुली पंधराव्यात आहे की सतराव्यात हे फोटोत कळत नाही. पंधरावी ओळ समोरून येणाऱ्यांच्या बाजूत घुसल्याची आहे आणि सतरावी प्राधान्याची खूण किंवा लाल दिवा न पाळल्याची. या दोन्हींत दोष फुली मारणाऱ्याचा, सोळाव्यात तो समोरच्याचा.