गाइडलाइनचं मराठी करताना शिफारशीचा जोर कसा टिकवायचा: तीन पद्धती, आणि मी कोणती घेईन

आयसीयूच्या नर्सेस आणि ज्युनिअर डॉक्टरांसाठी एखादी क्लिनिकल गाइडलाइन मराठीत करायची ठरली की पहिला प्रश्न औषधांच्या नावांचा नसतो, तो असतो शिफारशीच्या जोराचा. मूळ गाइडलाइन दोन वेगळ्या गोष्टी सांगत असते, एक म्हणजे शिफारस किती ठाम आहे आणि दुसरी म्हणजे त्यामागच्या पुराव्याची खात्री किती आहे. या दोन्ही मराठीत तशाच्या तशा पोचवायला साधारण तीन रस्ते आहेत: फक्त क्रियापदातून फरक दाखवायचा, मूळचे कोड आणि चिन्हं तशीच ठेवायची, किंवा क्रियापदासोबत शब्दांत लेबल लावायचं.

उदाहरण म्हणून सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेनची 2021 ची मोठ्यांसाठीची गाइडलाइन घेऊ, कारण तिच्यात सगळे सापळे एकाच ठिकाणी सापडतात. तिथे ठाम शिफारशीला इंग्रजीत ‘वी रेकमेंड’ आणि कमी जोराच्या शिफारशीला ‘वी सजेस्ट’ म्हणतात आणि पुराव्याचे उच्च, मध्यम, कमी, अतिशय कमी असे चार दर्जे असतात, म्हणजे शिफारशीचा जोर आणि पुराव्याचा दर्जा वेगवेगळा सांगणारी ग्रेड पद्धतच.

पहिला रस्ता सगळ्यात स्वस्त: ‘शिफारस करतो’ आणि ‘सुचवतो’, बास. वाचायला छान वाटतं, पण मराठीत हा फरक टिकत नाही. एक तर आपल्याकडे सूचना म्हणजे सरळ ऑर्डरच, नोटीस बोर्डावर ‘सूचना’ लिहिलेलं असलं की ते पाळायचं असतं, त्यामुळे ‘सुचवतो’ हे कधीकधी ‘शिफारस करतो’पेक्षा जास्त कडक वाटतं. दुसरं म्हणजे तिसऱ्या-चौथ्या पानावर ट्रान्सलेटर दमतो आणि ‘द्यावे’, ‘करावे’, ‘देण्यात यावे’ वर येतो, आणि एकदा ‘द्यावे’ आलं की ठाम काय आणि कमी जोराचं काय, सगळं जीआरच्या भाषेत एकसारखं दिसायला लागतं.

हे किती महागात पडतं बघा. याच गाइडलाइनमध्ये सेप्सिसमुळे रक्तपुरवठा कमी पडलेल्या पेशंटला पहिल्या 3 तासांत किमान 30 मिली प्रति किलो क्रिस्टलॉइड आयव्हीतून द्यायचं म्हटलंय, पण कमी जोराने, आणि पुराव्याचा दर्जा ‘कमी’. 2016 च्या आवृत्तीत हीच शिफारस ठाम होती, 2021 मध्ये ती मुद्दाम खाली आणली. आता 60 किलोचा पेशंट धरा, 1800 मिली झालं. पेशंटचं हार्ट आधीच कमजोर असेल किंवा तो डायलिसिसवर असेल तर डॉक्टर थांबून विचार करणार, आणि मूळ गाइडलाइन तशी मोकळीक देते. मराठीत ‘3 तासांत 30 मिली प्रति किलो द्यावे’ छापलं की ती मोकळीक गेली, ड्युटीवरच्या सिस्टरला तो प्रोटोकॉल वाटणार आणि नाही दिलं तर चूक वाटणार.

नकाराचं तर विचारूच नका. या गाइडलाइनमध्ये फ्लुइड म्हणून स्टार्च वापरू नये अशी ठाम शिफारस आहे, जिलेटिन न वापरण्याची शिफारस आहे पण कमी जोराची, आणि पहिल्या 24 तासांत फ्लुइड हात राखून द्यायचं की सढळपणे, यावर शिफारस करण्याइतका पुरावाच नाही असं म्हटलंय. पहिल्या रस्त्याने गेलं की तिन्हीचं मराठी ‘शिफारस करत नाही’ होऊ शकतं! ‘शिफारस करत नाही’ म्हणजे आम्ही गप्प आहोत, आणि ‘न वापरण्याची शिफारस करतो’ म्हणजे आम्ही नको म्हणतोय. मराठीत ‘न’ क्रियेला चिकटवायचा, शिफारशीला नाही, एवढा नियम कागदावर लिहून समोर ठेवला तरी बरंच वाचतं.

दुसरा रस्ता कोडचा: 1B, 2C किंवा ⊕⊕◯◯ जसंच्या तसं ठेवायचं. यात 1 म्हणजे ठाम, 2 म्हणजे कमी जोराची शिफारस, आणि अक्षर किंवा भरलेली वर्तुळं म्हणजे पुराव्याचा दर्जा. यात अर्थ बिघडत नाही कारण आपण काही ट्रान्सलेटच करत नाही, आणि मूळ डॉक्युमेंटशी एकेक ओळ पटकन ताडून बघता येते. पण ज्याला कोड आधीपासून माहीत आहे त्यालाच ते कळतात. आणि कोड सगळीकडे सारखे नसतात ही खरी अडचण. ग्रेड पद्धतीत D म्हणजे पुराव्याची खात्री अतिशय कमी, पण अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सच्या यादीत D म्हणजे ही तपासणी करू नका. एकाच पुस्तिकेत दोन गाइडलाइन्स एकत्र घेतल्या आणि दोन्हीकडे नुसतं D ठेवलं तर काय होईल ते सांगायला नको. A B C D चं अ ब क ड तर अजिबात करू नका, मूळाशी ताडायची सोयही गेली आणि कळायला सोपंही झालं नाही.

तिसरा रस्ता, क्रियापद आणि प्रत्येक शिफारशीखाली शब्दांत लेबल. यात मेहनत शब्द ठरवण्याची आहे. ‘कमकुवत शिफारस’ नको, वाचणाऱ्याला वाटतं शिफारसच भिकार आहे. ‘सशर्त’ बरंच चालतं, पण लगेच प्रश्न येतो की शर्त कुठली, कारण शर्त खाली लिहिलेली नसते. मी ‘परिस्थितीनुसार शिफारस’ घेतो, आणि पहिल्या पानावर त्याची व्याख्या देतो: बहुतेक पेशंटसाठी योग्य, पण बऱ्याच जणांसाठी वेगळा निर्णयही योग्य असू शकतो, त्यामुळे पेशंट बघून आणि बोलून ठरवा. पुराव्यासाठी ‘कमी पुरावा’ कधीच नको, त्याने वाटतं अभ्यास थोडे झालेत, खरं तर अभ्यास भरपूर असूनही खात्री कमी असू शकते. म्हणून ‘पुराव्याबद्दल खात्री: कमी’ असं लिहायचं.

लेबलचा मोठा फायदा म्हणजे जोर आणि खात्री वेगवेगळ्या राहतात. सेप्टिक शॉक असेल तर अँटिबायोटिक लगेच, शक्यतो तासाभरात द्या ही शिफारस ठाम आहे आणि पुराव्याचा दर्जा मात्र ‘कमी’. असं दिसलं की ट्रान्सलेटरला किंवा तपासणाऱ्याला वाटतं काहीतरी चुकलंय, मग तो नकळत एक बाजू सुधारतो, शिफारस नरम करतो नाहीतर पुरावा वाढवून लिहितो. तसं करायचं नाही. उशीर झाला तर पेशंट दगावू शकतो म्हणून पॅनेलने कमी खात्रीवरही ठाम सांगितलंय. आणि काही वाक्यांना दर्जाच नसतो, सेप्सिस ही इमर्जन्सी आहे, उपचार लगेच सुरू करा, हे तिथे ‘बेस्ट प्रॅक्टिस’ म्हणून येतं, इंग्रजी क्रियापद तेच ‘रेकमेंड’ पण ग्रेड नाही. क्रियापदावर विसंबणारा इथे हमखास फसतो. अशा वाक्याखाली ‘चांगली पद्धत, दर्जा दिलेला नाही’ असं स्पष्ट लिहा, जागा रिकामी सोडू नका.

म्हणून निवड अशी. वाचणारे सगळे डॉक्टर आणि एकच गाइडलाइन असेल तर कोड पुरतात, वेळ वाचवा. नर्सेस, टेक्निशियन, नातेवाईकांशी बोलणारे काउन्सेलर वाचणार असतील तर तिसरा रस्ता, आणि लेबलशेजारी बारीक अक्षरात मूळचं चिन्हही ठेवा म्हणजे तपासणी सोपी जाते. फक्त क्रियापदाचा रस्ता मी एखाद्या पोस्टरसाठीसुद्धा घेणार नाही.

तपासणीसाठी बॅक ट्रान्सलेशन सगळे करतात, पण ते करणाऱ्याला विषय माहीत असला तर तो मराठीतली चूक मनातच दुरुस्त करून बरोबर इंग्रजी लिहितो आणि चूक सापडतच नाही. त्यापेक्षा एक टेबल करा: शिफारस क्रमांक, हो की नको, जोर, खात्री. एकाने ते मूळावरून भरायचं, दुसऱ्याने मूळ न बघता फक्त मराठीवरून भरायचं, आणि जिथे रकाने जुळत नाहीत तेवढीच वाक्यं परत लिहायची. त्यानंतर लेबलं झाकून काही वाक्यं वॉर्डातल्या दोन-तीन सिस्टर्सना द्या आणि विचारा, हे जवळजवळ प्रत्येक पेशंटला करायचं की बघून ठरवायचं? 30 मिलीच्या वाक्याला त्या ‘प्रत्येकाला’ म्हणाल्या तर लेबल बरोबर असूनही वाक्य चुकलंय, कुठेतरी ‘द्यावे’ राहिलं असणार. आणि टेबलच्या वर आवृत्तीचं साल टाका, नाहीतर 2016 चा ‘ठाम’ 2021 च्या पुस्तिकेत कॉपी-पेस्ट होऊन बसतो.