न वसूल झालेला फॅक्टरी ओव्हरहेड: यंदाच्या खर्चात की क्लोजिंग स्टॉकमध्ये?

एप्रिलमध्ये ताळेबंदाला बसलं की ओव्हरहेडच्या खात्यात डेबिट शिल्लक दिसते. वर्षभर ठरलेल्या दराने नगांवर ओव्हरहेड चढवला, पण नग कमी निघाले आणि खर्च मात्र होता तसाच राहिला. या शिलकीचं करायचं काय, यावर मालक, अकाउंटंट आणि ऑडिटर यांची तीन मतं असतात. प्रत्येकाच्या मताप्रमाणे नफा किती बदलतो, ते एका उदाहरणावर पाहू.

समजा भोसरीतलं एक मशीन शॉप आहे. कास्टिंग आणायचं, मशीनिंग करायचं आणि एकाच ग्राहकाला द्यायचं, एवढंच काम. सर्वसाधारण क्षमता वर्षाला १,२०,००० नग. स्थिर ओव्हरहेडचं, म्हणजे भाडं, घसारा, सुपरवायझरचे पगार, विजेचा स्थिर आकार यांचं बजेट २.४० कोटी. म्हणून नगामागे २०० रुपये दर. ग्राहकाने काही महिने शेड्यूल कापलं आणि ९०,००० नगच निघाले. दरम्यान भाडं वाढून प्रत्यक्ष खर्च २.४६ कोटी झाला. नगांवर चढले १.८० कोटी, शिल्लक राहिले ६६ लाख. विक्री ७५,००० नगांची झाली, १५,००० गोदामात आहेत. ओपनिंग स्टॉक आणि अर्धवट माल नाही असं धरू, नाहीतर आकडे उगाच फुगतात.

मालकाला बँकेकडे जायचं आहे. तो म्हणतो, खर्च कारखान्याचाच आहे ना, मग बनवलेल्या सगळ्या नगांवर वाटा. कॉस्टिंगच्या पुस्तकातला पूरक दर हेच करतो: ६६ लाख भागिले ९०,०००, म्हणजे नगामागे ७३.३३ रुपये. त्यातले ११ लाख स्टॉकमध्ये जातात, ५५ लाख विकलेल्या मालावर. अकाउंटंटला एकच जर्नल एंट्री करून मोकळं व्हायचं आहे, म्हणून तो सगळे ६६ लाख यंदाच्या खर्चात टाकतो. तिसरा मार्ग ऑडिटरचा; तो आधी कारण विचारतो.

या ६६ लाखांचे दोन तुकडे होतात. ३०,००० नग कमी निघाले, त्याचे २०० च्या दराने ६० लाख. उरलेले ६ लाख जास्त खर्चाचे. पहिला तुकडा रिकाम्या बसलेल्या मशीनचा आहे. गोदामातल्या १५,००० नगांचा त्याच्याशी काही संबंध नाही; ऑर्डर कमी आली म्हणून त्या नगांची किंमत वाढत नाही. एएस २ आणि इंड एएस २ ही साठ्याची दोन्ही लेखा मानकं हेच सांगतात: स्थिर उत्पादन ओव्हरहेड सर्वसाधारण क्षमतेवर वाटायचा, उत्पादन घसरलं म्हणून नगामागचा वाटा वाढवायचा नाही, आणि जे वाटलं गेलं नाही ते त्याच वर्षी खर्ची टाकायचं.

दुसरा तुकडा वेगळा आहे. भाडं खरंच वाढलंय, म्हणजे २०० चा दरच जुना झाला. २.४६ कोटी भागिले १,२०,००० केलं की खरा दर २०५ येतो. स्टॉकमधल्या १५,००० नगांवर ५ रुपये जास्त, म्हणजे ७५,००० रुपये रास्तपणे स्टॉकमध्ये जातात. भागाकार १,२०,००० नेच करायचा, ९०,००० ने नाही. तसं केलं की रिकाम्या मशीनचा खर्च मागच्या दाराने पुन्हा आत येतो.

| मार्ग | स्टॉकमध्ये | यंदाच्या खर्चात |
|---|---|---|
| सगळ्या नगांवर वाटणी | ११ लाख | ५५ लाख |
| सगळं खर्चात | ० | ६६ लाख |
| कारण पाहून | ०.७५ लाख | ६५.२५ लाख |

म्हणजे अकाउंटंटचा आळशी मार्ग बरोबर उत्तराच्या अगदी जवळ आहे. ७५,००० रुपये या कंपनीच्या दृष्टीने किरकोळ असतील, तर ऑडिटरही बहुधा हट्ट धरणार नाही. मालकाचा मार्ग मात्र सव्वादहा लाखांनी चुकतो.

आणि त्याला ते ११ लाख पूर्ण मिळतीलच असंही नाही. स्थिर ओव्हरहेड सोडून नगाचा बाकी खर्च ७०० रुपये, विक्रीचा भाव ९६० आणि विक्रीखर्च ३० धरा. नगाचे हाती येणार ९३०. वाटणी केल्यावर स्टॉकमधला नग ९७३.३३ ला बसतो. स्टॉक खर्च किंवा निव्वळ वसूल होणारी किंमत, यांतल्या कमी आकड्यालाच दाखवता येतो. त्यामुळे नगामागे ४३.३३, म्हणजे साडेसहा लाख तिथेच खाली उतरवावे लागतील. हाती राहतात साडेचार लाख, तेही पुढच्या वर्षी माल विकला की खर्च म्हणून परत समोर येतात.

बदलणाऱ्या ओव्हरहेडला हा नियम लागू नाही. कटिंग ऑइल, टूल इन्सर्ट, मशीन चालेल तेवढी वीज यांचा दर कमी धरला गेला असेल, तर तो फरक प्रत्यक्ष वापराप्रमाणे नगांवर जातो आणि त्यातला काही भाग बिनदिक्कत स्टॉकमध्ये बसतो.

खरा वाद घालायचाच असेल तर तो १,२०,००० या आकड्यावर घाला. मला तरी बहुतेक फाइलींमध्ये चूक तिथेच सापडते. हा आकडा मशीनच्या कॅटलॉगमधून किंवा बँकेच्या प्रोजेक्ट रिपोर्टमधून आलेला असतो. सर्वसाधारण क्षमता म्हणजे साध्या परिस्थितीत काही वर्षांत सरासरी जेवढं उत्पादन निघण्याची अपेक्षा असते तेवढं, ठरलेल्या देखभालीचे दिवस वजा करून. गेल्या पाच वर्षांचे प्रॉडक्शन रजिस्टर काढा. सरासरी १,००,००० येत असेल आणि तिसरी पाळी कधी चाललीच नसेल, तर दर २४६ होतो. मग स्टॉकमध्ये ६.९० लाख जातात आणि ५९.१० लाख खर्चात. अर्थात वरचाच भाव धरला तर ९३० ची मर्यादा इथेही आहे: नग ९४६ ला बसतो, म्हणून २.४० लाख खाली उतरवून साडेचार लाखच राहतात. भाव चांगला असेल आणि मालकाला काही मिळवायचं असेल तर ते इथे मिळू शकतं, आणि कागद दाखवून मिळतं. पण मंदीचं वर्ष आलं की क्षमता कमी करायची आणि तेजीत पुन्हा वाढवायची, हे चालणार नाही. उलट तेजीच्या वर्षी १,३०,००० नग निघाले तर दर खाली आणावा लागतो, नाहीतर खर्च झाला त्यापेक्षा जास्त रक्कम मालावर चढते.

कर वाचवण्यासाठी वेगळा मार्ग धरता येईल का, असं विचारलं जातं. प्राप्तिकरासाठी उत्पन्न मोजण्याचं मानक असलेल्या आयसीडीएस २ मध्येही स्थिर ओव्हरहेडची वाटणी सर्वसाधारण क्षमतेवरच आहे. त्यामुळे बँकेला एक स्टॉक आणि रिटर्नमध्ये दुसरा, असं करायला तिथे जागा मिळत नाही.

एंट्रीबद्दल एक गैरसमज. कंपनी कायद्याच्या शेड्यूल तीनमधल्या नफा-तोटा पत्रकात कॉस्ट ऑफ सेल्स नावाची ओळच नाही. पगार, घसारा, भाडं आपापल्या जागी खर्चात आधीच दिसतात. सगळा खेळ ‘साठ्यातील बदल’ या एका ओळीत, म्हणजे क्लोजिंग स्टॉक कोणत्या दराने मोजला त्यात आहे. ६५.२५ लाखांसाठी वेगळं खातं उघडायची गरज नाही. स्टॉक २०५ ने मोजला की ते आपोआप खर्चात राहतात. ईआरपीमध्ये मात्र वर्षअखेरीला प्रत्यक्ष दराने पुनर्मूल्यांकन चालवण्याआधी थांबा. तो दर प्रत्यक्ष उत्पादनावर काढला जात असेल, तर २०५ ऐवजी २७३.३३ मालावर चढेल आणि मालकाचा मार्ग कोणी न विचारता लागू होईल. हे झालंय का ते ओळखायला तीन वर्षांच्या स्टॉक शीट शेजारी ठेवा. खर्च फारसा हललेला नसताना, ज्या वर्षी उत्पादन पडलं त्याच वर्षी नगामागचा स्थिर ओव्हरहेड वर गेलेला दिसला, तर रिकाम्या मशीनचा खर्च गोदामात जाऊन बसलाय.