कातडी मागे सरत नाही: मलम लावून पाहावं की सुंता करावी?

समजा, वय अठ्ठावीस, लग्न तीन महिन्यांवर. एरवी त्रास नाही, पण लिंग ताठर झालं की पुढची कातडी मागे सरत नाही, ओढली तर दुखतं आणि दुखलं की ताठरपणा जातो. डॉक्टर याला फायमोसिस म्हणतात. लाजेपोटी मुलं हे वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

निर्णय मुख्यतः कातडीच्या टोकावर ठरतो. ती मऊ, गुलाबी असेल आणि थोडी तरी सरकत असेल, तर आधी मलम. सहसा बीटामेथासोनचं ०.०५ टक्क्यांचं मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने दिवसातून दोनदा, चार ते आठ आठवडे त्या घट्ट कड्यावर पातळसं लावतात. सोबत कोमट पाण्याने अंघोळ करताना कातडी दुखणार नाही इतपतच मागे ताणायची. जोर केला की चीर पडते, ती भरताना व्रण होतो आणि कातडी आधीपेक्षा घट्ट होते. मागे घेतलेली कातडी दर वेळी पुढे आणायचीच. ती मागेच अडकून लिंगाचं टोक सुजलं, तर त्याच तासाला दवाखाना गाठायचा.

कडा पांढरट, कडक, चामड्यासारखी झाली असेल तर गोष्ट वेगळी. तो बहुधा लायकेन स्क्लेरोसस हा त्वचारोग असतो. त्यात मलमाने आराम पडू शकतो, पण व्रण झालेली कातडी क्वचितच सैल होते, म्हणून तिथे सुंतेचा सल्ला लवकर मिळतो. वारंवार सूज येणं, लघवी करताना कातडीचा फुगा होणं, मलम नीट लावूनही फरक न पडणं, हीदेखील सुंतेची कारणं. चाळिशीनंतर कातडी नव्यानेच घट्ट होऊन तिला चिरा पडू लागल्या, तर आधी रक्तातली साखर तपासा.

सुंता कायमचा उपाय आहे, पण कातडी परत येत नाही. बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात, विरघळणारे टाके दोन-तीन आठवड्यांत गळतात आणि संबंध चार ते सहा आठवडे टाळावे लागतात. रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग क्वचित होतो, संवेदना थोडी बदलू शकते. दोन्हींच्या मधला मार्गही आहे: कातडी ठेवून घट्ट कडं तेवढं सैल करायचं. टोकाच्या खालच्या बाजूची कातडीची दोरीच आखूड असेल तर तेवढीच मोकळी करतात. पांढरट व्रण असेल तर मात्र हे टिकत नाही.

ताठरपणाचं काय? पहाटे लिंग नीट ताठर होतं आणि फक्त कातडी ओढली गेल्यावरच ढिलं पडतं, तर कारण बहुधा वेदना आहे आणि ती गेली की फरक पडतो. पहाटेही ताठरपणा येत नसेल, तर सुंतेने तो येणार नाही. त्यासाठी साखर, रक्तदाब, चालू औषधं आणि मनावरचा ताण तपासावा लागतो.

आपल्या अठ्ठावीस वर्षांच्या मुलाची कातडी मऊ असेल, तर मी त्याला आजच मलम सुरू करायला सांगेन. दोन महिन्यांत फरक नाही पडला, तर लग्नाआधी घाईने शस्त्रक्रिया उरकू नये. होणाऱ्या बायकोला सांगून ती लग्नानंतर करावी.