काच फोडली, नेलं मात्र काहीच नाही: कोणता सिद्धांत लावायचा?

एक मुलगा कल्पनेत घ्या. वय १४, घर कामगाराचं, दोनदा नापास. एका रात्री तो मित्रांबरोबर शाळेत शिरतो, काचा फोडतो, वह्या फाडतो आणि रिकाम्या हातानं परततो. प्रकल्पासाठी अशा मुलाचा अभ्यास करताना बालगुन्हेगारीचा कोणता सिद्धांत घ्यावा, हा प्रश्न असेल तर मी आधी त्या रिकाम्या हातांकडे बघेन.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ क्लोवर्ड आणि ओहलिन (१९६०) यांच्या मते मुलांना पैसा आणि यश हवं असतं, सरळ वाट बंद असते, म्हणून ती आडवाटेला लागतात. चोरी, खंडणी याला हे छान लागू पडतं. काचा फोडून मात्र कुणाला काही मिळत नाही.

अल्बर्ट कोहेन यांनी १९५५ मध्ये नेमकी हीच निरुपयोगी तोडफोड समजून घ्यायचा प्रयत्न केला. शाळा सगळ्यांना एकाच मध्यमवर्गीय मोजपट्टीनं मोजते: नीटनेटकेपणा, धीर धरणं, भाषा, उद्याचा विचार. घरी ही तयारी न मिळालेला मुलगा तिथे रोज कमी भरतो. त्यातून येतं ते प्रतिष्ठेचं वैफल्य. मग त्याच्यासारखीच मुलं एकत्र येतात आणि ती मोजपट्टीच उलटी धरतात. शिक्षक ज्याला वाईट म्हणतील, त्यालाच टोळीत मान. यात कळीचा मुद्दा असा की मुलाला शिक्षकाची शाबासकी आतून हवीच होती. म्हणून तर राग इतका तीव्र.

वॉल्टर मिलर (१९५८) यांना हे मान्य नव्हतं. दणकटपणा, चलाखी, थरार ही त्या वस्तीची स्वतःचीच मूल्यं आहेत, शाळेवरची प्रतिक्रिया नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

कोहेन आणि मिलर यांच्यात निवड करायची तर मुलाचा मागचा इतिहास काढा. पहिल्या इयत्तांत तो धडपडत होता का? गुणपत्रिका लपवायचा का? तसं असेल तर कोहेन. मार्कांचं त्याला कधीच काही वाटलं नसेल, तर मिलर अधिक जवळचे.

दुसरी कसोटी शाळा कायमची सोडल्यानंतरची. जखम शाळेनं केली असेल, तर शाळा सोडल्यावर गुन्हे घटायला हवेत. डेल्बर्ट एलियट यांना १९६६ च्या अभ्यासात कनिष्ठ वर्गातल्या मुलांबाबत तसंच दिसलं. पण १९८५ मध्ये थॉर्नबेरी आणि सहकाऱ्यांना फिलाडेल्फियातल्या माहितीत उलट आढळलं: शाळा सोडल्यावर अटका वाढल्या.

कोहेन यांना याहून मोठा धक्का ट्रॅव्हिस हर्शी (१९६९) यांचा आहे. वैफल्य खरं असेल, तर मोठी स्वप्नं बाळगून हरलेली मुलं जास्त बिघडायला हवीत. हर्शींना दिसलं की शिक्षणाची आकांक्षा असलेली मुलं कमी गुन्हे करतात. नापास होण्यामुळे शाळेशी असलेला जिव्हाळा तुटतो आणि लगामच सुटतो, एवढंच त्यांना पुरेसं वाटतं.

तरीही या मुलासाठी मी कोहेनच घेईन. लगाम सुटलेला मुलगा कुठेही जाऊ शकला असता; हा शाळेतच का परतला, याचं उत्तर हर्शींकडे नाही.