लाख-कोटींच्या स्वल्पविरामासाठी एक्सेलचा कस्टम फॉरमॅट: वर्षभराच्या वापरानंतर

आमच्या सोसायटीच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर रकमा 12,345,678 अशा काढतं. सभासद असा आकडा वाचताना हमखास अडखळतात, कारण डोळा 1,23,45,678 शोधत असतो. हे बदलून द्यायला कंपनीने वेगळे पैसे मागितले. स्वल्पविराम हलवायला सोसायटीचे पैसे मी घालणार नाही, म्हणून एक्सेलमध्ये हा फॉरमॅट लावला:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

आकडा तोच राहतो, फक्त दिसणं बदलतं. त्यामुळे बेरजा बिघडत नाहीत. एकच पथ्य: रकमेमागे स्पेस चिकटून आली असेल तर एक्सेल तिला मजकूर समजू शकतं. अशी रक्कम सेलमध्ये डावीकडे सरकलेली दिसते आणि SUM तिला मोजतच नाही. आधी फाइंड-रिप्लेसने स्पेस आणि स्वल्पविराम दोन्ही काढून टाकायचे.

पहिले काही महिने मी हा फॉरमॅट सगळ्यांना सुचवत होतो. मग मार्चअखेरीस दुरुस्ती निधी तुटीत गेला आणि 12,34,567 च्या खालीच -1,234,567 उभं राहिलं. कारण सरळ आहे: एका फॉरमॅटमध्ये अटी दोनच बसतात. त्या कोटी आणि लाखात संपल्या, की उरलेलं सगळं तिसऱ्या भागात जातं, उणे रकमाही तिथेच, आणि तिथला स्वल्पविराम हजाराचा. अहवालात सभासद नेमकी तुटीचीच ओळ आधी बघतात, म्हणून हा दोष मला फार मोठा वाटतो. पैशांसकट आकडे असतील तर आणखी एक गोष्ट. 99,999.60 ही रक्कम लाखाच्या आत, म्हणून तिसऱ्या भागात जाते, पण पूर्णांक करून 100,000 दिसते.

त्यानंतर मत बदललं. आता विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये Region, मग Additional settings, आणि Digit grouping मध्ये 12,34,56,789 निवडून ठेवलंय. एक्सेलचा नेहमीचा #,##0 आपोआप लाख-कोटी दाखवतो, उणे रकमांसकट, आणि 99,999.60 सुद्धा 1,00,000 दिसते. खर्च शून्य.

पण ही सोय त्या संगणकापुरतीच. तीच फाइल लेखापरीक्षकांच्या लॅपटॉपवर उघडली आणि तिथे ते सेटिंग नसेल, तर पुन्हा 12,345,678. जुना फॉरमॅट मात्र फाइलसोबत जातो, निदान अधिक रकमांपुरता तरी. म्हणून सभासदांना आणि लेखापरीक्षकांना आता मी माझ्याच संगणकावरून पीडीएफ काढून पाठवतो. ज्यांना बेरजा तपासायच्या आहेत त्यांना एक्सेल फाइलही देतो, तिच्यात जुना फॉरमॅट लावून, आणि तुटीच्या ओळीसमोर रक्कम अक्षरी लिहून: बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट.