शौचाची वेळ चहावर बांधावी की नाश्त्यावर?

घरातील वृद्ध व्यक्तीला शौचाला नेण्यासाठी दुसऱ्याची मदत लागत असेल, तर ती वेळ ठरलेली असणे तिच्या अब्रूच्या दृष्टीने फार मोलाचे असते. पोटात अन्न गेले की जठर ताणले जाते, मोठ्या आतड्याची हालचाल वाढते आणि साठलेला मळ पुढे सरकतो. झोपेत मंदावलेले आतडे जाग येताच पुन्हा हालू लागते, म्हणून हा परिणाम सकाळी सर्वाधिक जाणवतो. प्रश्न एवढाच, की त्याचा आधार चहाला घ्यावा की नाश्त्याला.

चहा उठल्याबरोबर मिळतो आणि वर्षानुवर्षांच्या सवयीमुळे काहींना त्यानंतर लगेच कळ येते. अशांची वेळ मुळीच बदलू नये. मात्र अर्धा कप चहाने जठर फारसे ताणले जात नाही. आतड्याला खरी चालना अन्नाच्या प्रमाणाने आणि त्यातील स्निग्धतेने मिळते, त्यामुळे तेलाच्या फोडणीचे पोहे किंवा तूप घातलेला उपमा यांचा परिणाम नुसत्या चहापेक्षा सहसा अधिक भरवशाचा ठरतो.

समजा, वॉकर घेऊन चालणाऱ्या आजोबांना सहाच्या चहानंतर लगेच कमोडवर बसवले जाते. ते कुंथतात, काही होत नाही. साडेआठला नाश्ता होतो आणि नऊच्या सुमारास, जवळ कोणी नसताना, कपडे खराब होतात. येथे शरीराने वेळ आधीच सांगितलेली आहे. नाश्ता आठला आणून सव्वाआठ ते साडेआठच्या दरम्यान त्यांना बसवावे, पायाखाली पाट द्यावा म्हणजे गुडघे कमरेपेक्षा थोडे वर येतात, आणि दहा मिनिटांत काही न झाल्यास कुंथू न देता उठवावे. सकाळी मदतीला येणाऱ्या मावशींची वेळही यालाच जुळवून घ्यावी, कारण कळ वारंवार दाबली गेली की हळूहळू तिची जाणीवच बोथट होते.

निर्णयापूर्वी आठवडाभर काहीही न बदलता चहा, नाश्ता आणि शौच यांच्या वेळा वहीत लिहाव्यात. बहुतेक दिवशी चहानंतर अर्ध्या तासात शौच होत असेल तर चहा पुरेसा आहे; एरवी माझा कौल नाश्त्याला राहील. नवी वेळ बसायला काही आठवडे लागतात.

लोहाच्या गोळ्या किंवा काही वेदनाशामक औषधे चालू असतील, तर बद्धकोष्ठतेमुळे दोन्ही वेळा फसू शकतात. अनेक दिवस शौच न होता कपड्यांना पातळ मळ लागू लागला, तर त्याला जुलाब समजून औषध देऊ नये. आत घट्ट मळाचा खडा अडकून त्याच्या कडेने पाणी झिरपत असण्याची शक्यता असते. अशा वेळी, तसेच मळात रक्त दिसल्यास किंवा विनाकारण वजन घटत असल्यास, आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.